पाणीबिलाचा कॉलम खाली ओढला आणि बेरीज जुळेना: $ कुठे हवा, कुठे नको

मुंबईतल्या सहकारी सोसायट्यांची बिलं बनवणारी एक्सेल फाइल घेऊन लोक माझ्याकडे येतात, तेव्हा दहातल्या सात-आठ वेळा दुखणं एकच निघतं. वरच्या सेलमध्ये फॉर्म्युला बरोबर असतो. तो खाली ओढला की बिघडतो. मजा अशी की ज्याने ओढला त्याने वरचा सेल तपासलेला असतो, त्यामुळे तो छातीठोकपणे सांगतो, "फॉर्म्युला मी स्वतः बघितलाय, बरोबर आहे."

आधी लक्षणं सांगतो. तुमच्या फाइलमध्ये यातलं एखादं दिसत असेल तर पुढे वाचा.

पहिल्या ओळीचा आकडा बरोबर, पण दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत अचानक 0 किंवा हास्यास्पद छोटी रक्कम, आणि त्याखाली सगळीकडे `#VALUE!`. हे सगळ्यात सोपं दुखणं, कारण ते ओरडून सांगतं.

सगळ्या ओळींत एकच आकडा, दोन नळवाला असो वा चार नळवाला.

एकसारख्या दोन घरांना वेगवेगळी रक्कम. कॉलम वरून खाली वाचत गेलात तर रक्कम हळूहळू चढत जाते. हे सगळ्यात वाईट, कारण एकही एरर दिसत नाही आणि प्रत्येक आकडा खरा वाटतो.

दुसऱ्या शीटवरून थकबाकी आणणारा कॉलम इतके महिने नीट चालला, आणि या महिन्यात काही घरांची थकबाकी गायब झाली.

चारही लक्षणांचं मूळ एकच. `F6` मधल्या फॉर्म्युल्यात `C6` लिहिलं की आपण वाचतो "सी-सहा नावाचा सेल". एक्सेल मात्र ते "याच ओळीत, तीन सेल डावीकडे" असं लक्षात ठेवतं. फॉर्म्युला एक ओळ खाली नेला की तोच पत्ता `C7` होतो. हा रिलेटिव्ह पत्ता. अक्षराच्या किंवा आकड्याच्या आधी `$` लावला की तो भाग जागचा हलत नाही, तो ॲबसोल्यूट. `$` चा डॉलरशी काही संबंध नाही. एका काकांनी "आपला हिशोब रुपयात आहे" म्हणून सगळे `$` पुसून टाकले होते, म्हणून मुद्दाम सांगतो. 1979 मधल्या व्हिजिकॅल्क या सुरुवातीच्या स्प्रेडशीट प्रोग्राममध्ये फॉर्म्युला खाली उतरवताना प्रोग्राम प्रत्येक पत्त्यासाठी थांबून विचारायचा: हा तसाच ठेवू की सरकवू? आता कोणी विचारत नाही. तो प्रश्न आपणच स्वतःला विचारायचा.

## ज्या फाइलवर हे दाखवतो ती फाइल

पूर्व उपनगरातली एक सहा मजली इमारत, मजल्यावर चार, अशी 24 घरं. प्रत्येक मजल्यावर 01 आणि 03 नंबरच्या घरांत तीन-तीन नळजोडण्या, 02 आणि 04 मध्ये चार-चार. म्हणजे मजल्याला 14, इमारतीला 84. आदर्श उपविधींप्रमाणे पाण्याचा खर्च घरातल्या नळजोडण्यांची संख्या आणि आकार बघून वाटायचा असतो. इथे सगळ्या जोडण्या एकाच आकाराच्या, त्यामुळे नुसती संख्या पुरते.

`B1` मध्ये महिन्याचं पाणीबिल 42,000. `B2` मध्ये प्रत्येक घराचं सेवा शुल्क 1,850. `B3` मध्ये थकबाकीवरचा व्याजदर. चौथी ओळ रिकामी, पाचवीत मथळे. सहाव्या ओळीपासून 29 व्या ओळीपर्यंत घरं: `A` मध्ये घर क्रमांक, `B` मध्ये नाव, `C` मध्ये नळ, `D` मध्ये थकबाकी, `F` मध्ये पाण्याचा वाटा. 30 व्या ओळीत बेरजा.

हिशोब तोंडी होतो: 42,000 भागिले 84, म्हणजे नळामागे 500. तीन नळवाल्याला 1,500 आणि चार नळवाल्याला 2,000. हे दोन आकडे डोक्यात ठेवा. खजिनदारांनी `F6` मध्ये हे लिहिलं होतं:

```
=$B$1*C6/SUM(C6:C29)
```

101 चे 1,500 आले. बरोबर. मग त्यांनी कॉलम 604 पर्यंत ओढला, बिलं छापली, वॉचमनच्या हाती घरोघरी पाठवली. सलग तीन महिने पाण्याच्या खात्यात दरमहा साडेबारा हजारांच्या आसपास तूट येत राहिली. समितीत आधी पंपवाल्यावर संशय गेला, मग "सदस्य पैसे भरत नाहीत" यावर वाद झाला. एका सभेत टाकीतून पाणी झिरपतंय असंही निघालं. पाणी झिरपत असतं तर बिल वाढलं असतं, वसुली घटली नसती, पण रात्री साडेनऊच्या सभेत हे कोण कोणाला सांगणार.

## पहिली तपासणी: शेवटच्या ओळीवर F2

खर्च शून्य, वेळ दहा सेकंद. वरच्या सेलवर जाऊच नका. तो बरोबरच असणार, कारण तोच हाताने लिहिलेला असतो. चूक ओढताना होते आणि दर ओळीगणिक वाढते, म्हणून ती सगळ्यात ठळक शेवटच्या ओळीत दिसते. `F29` वर जा आणि `F2` दाबा. काही लॅपटॉपवर `Fn` सोबत दाबावं लागतं.

फॉर्म्युल्यातला प्रत्येक पत्ता रंगीत होतो आणि शीटवर त्याच रंगाची चौकट उमटते. आमच्या फाइलमध्ये हे दिसलं:

```
=$B$1*C29/SUM(C29:C52)
```

नळांची चौकट 29 व्या ओळीपासून सुरू होऊन तक्त्याच्या बाहेर, खाली रिकाम्या जागेत लोंबत होती. वाचायचीही गरज नाही, चौकट बघूनच कळतं. `B1` वरची चौकट मात्र जागच्या जागी होती, कारण तिथे `$` होते. `Esc` दाबून बाहेर या. `Enter` दाबू नका, नाहीतर चुकून काही टाइप झालेलं असेल तर तेही बसेल.

खजिनदारांनी `B1` लॉक केलं होतं आणि बेरजेची व्याप्ती मोकळी सोडली होती. अशी अर्धी दुरुस्ती मला पूर्ण चुकीपेक्षा जास्त भेटते. बिलाची रक्कम जागच्या जागी राहिली पाहिजे हे सुचतं, पण छेदातली बेरीजही सगळ्यांसाठी एकच आहे हे सुचत नाही.

`B1` सुद्धा मोकळं असतं तर काय झालं असतं? 102 ला पाणीबिलाऐवजी `B2` मधलं सेवा शुल्क लागून 44.85 रुपये आले असते. 103 ला व्याजदर लागून 0.00. 104 ला रिकामा सेल लागून शून्य. आणि 201 पासून खाली `#VALUE!`, कारण `B5` मध्ये मथळा आहे आणि त्याखाली माणसांची नावं, आणि नावाला नळाने गुणता येत नाही. हे पाच मिनिटांत पकडलं जातं. अर्धी दुरुस्ती तीन महिने टिकली.

## दुसरी तपासणी: बेरीज मूळ रकमेशी लावून बघा

वाटलेल्या खर्चाची बेरीज मूळ खर्चाइतकी भरलीच पाहिजे. तक्त्याबाहेरच्या एखाद्या सेलमध्ये हे लिहा:

```
=ROUND(F30-B1,0)
```

शून्य यायला हवं. घरागणिक रुपयात पूर्णांक करत असाल तर थोडा फरक राहू शकतो. एका घरामागे जास्तीत जास्त 50 पैसे, म्हणजे 24 घरांत 12 रुपयांच्या आतच. त्याहून जास्त फरक असेल तर तो पूर्णांकांचा नाही.

आमच्याकडे उणे 12,581 आलं. `F30` मध्ये 42,000 ऐवजी 29,419 होते. इतका मोठा खड्डा का? `F7` मध्ये बेरजेची व्याप्ती `C7:C30` झाली आणि `C30` मध्ये स्वतः 84 ची बेरीज बसलेली आहे. म्हणजे 102 च्या छेदात 101 चे तीन नळ गळाले आणि 84 जास्तीचे आले. 84 च्या जागी 165. म्हणून 102 ला 2,000 ऐवजी 1,018 चं बिल गेलं. पुढे प्रत्येक ओळीला वरचं एकेक घर गळत गेलं, छेद लहान होत गेला, वाटा चढत गेला. 604 पर्यंत छेद 88 वर आला आणि बिल 1,909 झालं. बरोबर आकड्याच्या इतकं जवळ की वरच्या मजल्यावर कोणी तक्रारच केली नाही. खालच्या मजल्यांना निम्मंच बिल येत होतं. ते तक्रार कशाला करतील?

बेरजेची ओळ 30 व्या ओळीत नसून वर असती तर उलटं झालं असतं. 604 च्या छेदात फक्त त्याचेच चार नळ उरले असते आणि अख्ख्या इमारतीचं 42,000 चं बिल एकट्या 604 च्या दारात गेलं असतं. ते पहिल्याच दिवशी सापडलं असतं.

ही तपासणी जुळली म्हणजे सगळं बरोबर, असं मात्र नाही. एका इमारतीत सगळ्या 24 घरांत तीन-तीनच नळ होते आणि फॉर्म्युल्यात `C$6` असा नको तिथे `$` लागला होता. प्रत्येक ओळ पहिल्याच घराचे नळ वाचत होती, पण सगळे सारखे असल्यामुळे बेरीज पैशापर्यंत जुळायची. मग एका घराने स्वयंपाकघरात चौथा नळ घेतला. छेद 73 झाला, पण कोणाच्याच ओळीत चौथा नळ मोजला गेला नाही, आणि 575 रुपये कमी पडायला लागले.

## तिसरी तपासणी: सारख्या घरांना सारखं बिल येतंय का

ही माझी आवडती. कुठलाही फॉर्म्युला वाचावा लागत नाही, त्यामुळे ज्यांना एक्सेलची धास्ती आहे त्यांनाही करता येते.

मथळ्याच्या ओळीवर फिल्टर लावा. `C` मध्ये फक्त 3 निवडा. मग `F` च्या फिल्टरचा बाण उघडून यादी बघा. तीन नळांची बारा घरं असतील तरी यादीत एकच रक्कम दिसली पाहिजे, 1,500. आमच्या यादीत बारा वेगवेगळे आकडे होते, 783 पासून 1,500 पर्यंत. मग 4 निवडून तेच बघा.

हिचा उलटा भाग विसरू नका. 3 आणि 4 या दोन्ही गटांत एकच रक्कम येत असेल तर `$` जास्तीचा लागलाय, सगळ्या ओळी एकाच घराचे नळ वाचतायत.

काम झालं की फिल्टर काढा. फिल्टर लावलेला असताना खाली भरलेला फॉर्म्युला फक्त दिसणाऱ्या ओळींत जातो, लपलेल्या ओळी जुन्याच राहतात. मग अर्धा कॉलम दुरुस्त आणि अर्धा आजारी, आणि असा कॉलम उकलायला दुप्पट वेळ लागतो.

## चौथी तपासणी: सगळे फॉर्म्युले एकदम उघडे करा

`` Ctrl + ` `` दाबा. ही खूण 1 च्या डावीकडे, `Esc` च्या खाली असते. सापडत नसेल तर `Formulas` टॅबमध्ये `Show Formulas` आहे. गुगल शीट्समध्येही हाच शॉर्टकट चालतो. शीटवर उत्तरांऐवजी फॉर्म्युले दिसू लागतात.

आता `F` कॉलम वरून खाली वाचा आणि प्रत्येक पत्त्यापुढे मनात एकच शब्द म्हणा: "चालतो" किंवा "थांबतो". घराचे नळ प्रत्येक ओळीबरोबर चालले पाहिजेत: `C6`, `C7`, `C8`. पाणीबिल थांबलं पाहिजे. एकूण नळांच्या बेरजेची दोन्ही टोकं थांबली पाहिजेत. एखादी गोष्ट चालावी की थांबावी हे एक्सेलला माहीत नसतं, ते व्यवहारावरून ठरतं: ही गोष्ट घराची की इमारतीची? घराची असेल तर चालते. इमारतीची असेल तर थांबते.

याच दृश्यात आणखी एक चोर सापडतो. फॉर्म्युल्यांच्या रांगेत मध्येच एखादा नुसता आकडा, कुणीतरी "या महिन्यापुरतं" म्हणून हाताने टाकलेला. तो महिना कधीच संपलेला असतो.

इथे लोक विचारतात, सेलच्या कोपऱ्यात तो हिरवा त्रिकोण येतो ना, तो सांगेल की. त्याच्या भरवशावर राहू नका. तो त्रिकोण बऱ्याच कारणांनी येतो, त्यातलं एक म्हणजे शेजारच्या ओळींपेक्षा वेगळा फॉर्म्युला. आपला फॉर्म्युला तर चोवीसही ओळींत सारख्याच पद्धतीने सरकलाय, त्या बाबतीत एक्सेलच्या लेखी तो अगदी शिस्तीत आहे. चूक एकसारखी असली की त्या कारणाने त्रिकोण येत नाही.

## पाचवी तपासणी: पत्त्यांची दुसरी लिपी

डोळ्यांनी चोवीस ओळी वाचता येतात. दीडशे घरांच्या टॉवरला ते जमत नाही. तेव्हा `File`, `Options`, `Formulas` इथे जाऊन `R1C1 reference style` वर टिक करा. कॉलमची अक्षरं जाऊन आकडे येतील, घाबरू नका. यात थांबणारा पत्ता साधा आकडा दाखवतो आणि चालणारा चौकोनी कंसात. आमचा बिघडलेला फॉर्म्युला असा दिसला:

```
=R1C2*RC[-3]/SUM(RC[-3]:R[23]C[-3])
```

`R[23]` म्हणजे "इथून 23 ओळी खाली". बेरजेत असा कंस दिसला की बेरीज चालतेय हे कळतं. दुरुस्त केल्यावर त्या जागी `R6C[-3]:R29C[-3]` आलं. ओळींचे कंस गेले, म्हणजे बेरीज थांबली. कॉलमचे कंस राहिले, कारण आपण फक्त खाली ओढतोय. आणखी एक सोय अशी की बरोबर ओढलेल्या कॉलममध्ये वरपासून खालपर्यंत हे वाक्य अक्षरशः एकच असतं. मध्येच वेगळं दिसलं तर तिथे कोणी हात लावलाय.

बघून झालं की टिक काढा. नाहीतर दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींचा फोन येतो, "ए, बी, सी कुठे गेले?" गुगल शीट्समध्ये हे दृश्य मिळत नाही, तिथे चौथ्या तपासणीवरच भागवायचं.

## दुरुस्ती

आधी फाइलची प्रत काढून तिला तारीख द्या. मग फक्त `F6` दुरुस्त करा:

```
=B$1*C6/SUM(C$6:C$29)
```

`$` हाताने टाइप करण्यापेक्षा `F4` बरं. पत्त्यावर कर्सर ठेवून दाबत गेलात की `B1`, `$B$1`, `B$1`, `$B1` असं चक्र फिरतं. मॅकवर `Cmd + T`. व्याप्तीसाठी मात्र `C6:C29` हे पूर्ण निवडून मग दाबा. एकाच टोकावर कर्सर असताना दाबलं की एकच टोक लॉक होतं, `C$6:C29` असं, आणि दर ओळीला बेरजेची व्याप्ती एका ओळीने वाढत जाते. ही अर्धी कुलूपबंद व्याप्ती नेहमीच चूक नसते. चालू शिल्लक काढायला `SUM(D$6:D6)` असंच हवं असतं. पण वाटणीच्या छेदात ती नको.

मग `F6` पासून `F29` पर्यंत निवडून `Ctrl + D`. कोपऱ्यावर डबल क्लिक केलं तरी कॉलम भरतो, पण शेजारच्या कॉलममध्ये रिकामा सेल आला की तो तिथेच थांबू शकतो, म्हणून मी ते टाळतो. भरून झालं की पुन्हा `F29` वर `F2`, आणि तपासणीच्या सेलमध्ये शून्य.

फक्त खाली ओढायचं असेल तर आकड्याआधी एक `$` पुरतो, अक्षराआधीचा लागत नाही. पण पुढच्या महिन्याचा कॉलम बनवायला हाच फॉर्म्युला उजवीकडे ओढलात तर अक्षरंही सरकतात: `C6` चं `D6` होतं आणि नळांच्या जागी थकबाकीने गुणाकार होतो. ज्यांच्या फाइलमध्ये महिने आडवे आहेत त्यांनी पुढच्या महिन्याचं पाणीबिल `C1` मध्ये भरावं, कारण `B$1` चं `C$1` होतं, आणि नळांसाठी `$C6` व बेरजेसाठी `$C$6:$C$29` लिहावं. "सगळीकडे दोन-दोन `$` लावून टाकतो" हा उपाय नाही, त्याने चौथ्या नळासारखी गंमत होते.

## थकबाकी गायब होते तेव्हा

चौथं लक्षण वेगळं सांगावं लागतं, कारण ते महिनोन् महिने लपून बसतं. थकबाकीची यादी दुसऱ्या शीटवर, 24 घरं, आणि बिलाच्या शीटवर `D6` मध्ये हे:

```
=IFERROR(VLOOKUP(A6,Thakbaki!A2:B25,2,FALSE),0)
```

खाली ओढल्यावर `D7` मध्ये यादी `A3:B26` पासून शोधली जाते. 101 बाहेर गेलं, पण 102 ला 101 ची गरजच नाही. `D8` मध्ये यादी 103 पासून सुरू होते आणि 103 पहिल्याच ओळीत सापडतं. यादी घर क्रमांकाने लावलेली असेपर्यंत प्रत्येक घर आपल्या यादीच्या तोंडाशीच उभं असतं, आणि चुकीचा फॉर्म्युला चोवीसच्या चोवीस उत्तरं बरोबर देतो.

मग एखाद्या सभेआधी कोणीतरी यादी रकमेप्रमाणे लावतो, सगळ्यात मोठे थकबाकीदार वर. समजा 604 सगळ्यात वर गेलं. बिलात 604 ची ओळ 29 वी, ती यादी `A25` पासून खाली शोधते आणि 604 बसलंय `A2` मध्ये. सापडत नाही. `#N/A` आलं असतं, पण `IFERROR` ने ते गिळून शून्य दाखवलं. इमारतीतल्या सगळ्यात मोठ्या थकबाकीदाराला कोऱ्या पाटीचं बिल गेलं, आणि तो काही हरकत घेणार नाही.

उपाय: `Thakbaki!A$2:B$25`. आणि तपासताना `IFERROR` काढून फॉर्म्युला नागडा चालवून बघा. थकबाकी नसलेलं घरही यादीत शून्याने लिहा, म्हणजे न सापडणं ही चूकच ठरेल आणि `IFERROR` लागणारच नाही. `D30` ची बेरीज थकबाकीच्या यादीतल्या बेरजेशी जुळते का, तेही दर महिन्याला बघा.

## इथे हात थांबवा

या महिन्याची बिलं अजून छापली नसतील तर वरचं सगळं तुम्ही घरबसल्या करू शकता. बिलं वाटून झाली असतील, पावत्या फाटल्या असतील, तर शीट दुरुस्त करून जुने आकडे बदलू नका. सदस्यांच्या हातात जो कागद आहे तो आणि तुमची फाइल वेगळी पडली की पुढच्या हिशोबाला आधारच राहत नाही. जुनी फाइल जशी आहे तशी ठेवा, फरकाचा तक्ता वेगळा करा आणि सोसायटीच्या सीएकडे जा. फरक कोणत्या महिन्याच्या बिलात दाखवायचा, त्यावर व्याज लावायचं की नाही, समितीचा ठराव कसा हवा, हे एक्सेलचे प्रश्न नाहीत. चूक 31 मार्चच्या पलीकडच्या वर्षात पोचत असेल आणि त्या वर्षाचं ऑडिट झालेलं असेल तर फरकाचा तक्ताही आधी त्यांनाच दाखवा.

फाइल उघडताना मॅक्रोची किंवा दुसऱ्या फाइलच्या लिंकची सूचना येत असेल, शीटला पासवर्ड असेल आणि तो लावणारा माणूस इमारत सोडून गेला असेल, किंवा फॉर्म्युला दुरुस्त करूनही `F30` मधला आकडा बदलत नसेल, तरीही थांबा. शेवटच्या बाबतीत एकदा `Formulas` मधल्या `Calculation Options` मध्ये `Automatic` आहे ना ते बघा. असेल तरीही आकडा हलत नसेल तर फाइल जाणकाराला दाखवा.

त्या सहा मजली इमारतीत 102 कडून तीन महिन्यांचे जवळपास 2,945 रुपये यायचे निघाले. 101 कडून काहीच नाही, त्यांचं बिल पहिल्यापासून बरोबर होतं. खजिनदार स्वतः 101 मध्ये राहतात, आणि दर महिन्याला ते तपासायचे ते फक्त स्वतःचं बिल.